काडीच्या पुढे सुरकुत्या, मागे लाटा: सेकंदाला २३ सेंटिमीटरचा हिशेब

प्रश्न: आमच्या शेताजवळून (चिकोडी तालुका) कॅनॉलची चारी जाते. पाण्यात काडी उभी धरली की वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, बारीक सुरकुत्या उभ्या राहतात आणि खालच्या अंगाला मोठ्या लाटा. काठाजवळ पाणी संथ आहे तिथं दोन्ही नाहीत. मुलगा बी.एस्सी.ला आहे, तो म्हणतो पाण्यावरची लाट सेकंदाला २३ सेंमीपेक्षा हळू जाऊच शकत नाही. हे खरं का? आणि लॅबशिवाय तपासता येईल का?

उत्तर:

मुलाचं म्हणणं बरोबर आहे. फक्त एक अट घालावी लागेल: पाणी पुरेसं खोल आणि स्वच्छ हवं. तपासणीसाठी लॅब नको, घड्याळही नको. एक बारीक तार, एक पट्टी आणि मोबाईलचा कॅमेरा एवढ्यावर भागतं. पण आधी चारीत नेमकं काय घडतं ते पाहू, कारण मोजणीची सगळी युक्ती त्यातच आहे.

काडीजवळची लाट जागच्या जागी उभी दिसते. याचा अर्थ ती पाण्यावरून जितक्या वेगानं वर चढते, तितक्याच वेगानं पाणी तिला खाली ओढून नेतं. म्हणजे उभी दिसणारी प्रत्येक लाट आपल्याला सांगत असते की पाण्यावरचा तिचा वेग प्रवाहाच्या वेगाइतकाच आहे. प्रवाह सेकंदाला ३० सेंमी असेल, तर काडीपाशी ३० सेंमी वेगाच्याच लाटा टिकतील, बाकीच्या वर किंवा खाली निघून जातील. काठाजवळ प्रवाह १५ किंवा २० सेंमी आहे. इतकी हळू लाट पाण्यावर नसतेच, म्हणून तिथं काही उभं राहत नाही. काडी काठाकडून मधल्या धारेकडे सावकाश सरकवत न्या. सुरकुत्या जिथं पहिल्यांदा उमटतील ती रेघ म्हणजे २३ सेंमी वेगाची सीमा.

आता एकाच प्रवाहात दोन प्रकारच्या लाटा का, ते पाहू. वर उचललेल्या पाण्याला पुन्हा सपाट करणारी दोन बळं आहेत. एक गुरुत्वाकर्षण, दुसरा पृष्ठताण. लाट लांब असेल तर काम गुरुत्वाचं, आणि त्यात लाट जितकी लांब तितकी वेगवान. लाट आखूड असेल तर पृष्ठभागाची वक्रता वाढते, पृष्ठताण जोरात ओढतो, आणि इथं उलटं होतं: लाट जितकी आखूड तितकी वेगवान. एक वेग लांबीबरोबर वाढतो, दुसरा घटतो, म्हणून मध्ये कुठंतरी तळ येणारच. सूत्र असं:

```
c² = gλ/(2π) + 2πσ/(ρλ)
```

c म्हणजे लाटेच्या शिखराचा वेग, λ म्हणजे तरंगलांबी, g गुरुत्वत्वरण, σ पृष्ठताण, ρ घनता. पहिलं पद गुरुत्वाचं, दुसरं पृष्ठताणाचं. ही दोन पदं जिथं समान होतात तिथं वेग सर्वांत कमी. स्वच्छ पाण्यासाठी २५ अंश सेल्सिअसला σ सुमारे ०.०७२ न्यूटन प्रति मीटर. बेळगावच्या अक्षांशाला आणि उंचीला g साधारण ९.७८. हे आकडे घातले की तळाची तरंगलांबी १.७१ सेंमी आणि तिथला वेग सेकंदाला २३.०५ सेंमी निघतो. अशी लाट सेकंदाला साडेतेरा वेळा वरखाली होते.

तळ म्हणजे 'इथं गुरुत्व संपलं, इथून पृष्ठताण सुरू' अशी वेस नव्हे. १.७१ सेंमीच्या लाटेत दोघांचा वाटा अर्धाअर्धा असतो. ५.२ सेंमीच्या लाटेतही सुमारे १० टक्के वाटा पृष्ठताणाचा असतो, आणि ०.५६ सेंमीच्या सुरकुतीत सुमारे १० टक्के गुरुत्वाचा. साधारण ५ सेंमीच्या वर शुद्ध गुरुत्वलहर आणि अर्ध्या सेंमीच्या खाली शुद्ध केशिक लहर, म्हणजे पृष्ठताणावर चालणारी लाट, म्हणायला हरकत नाही. मधला सगळा पट्टा मिश्र आहे.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७१ साली हा हिशेब मांडला. त्यांच्या शिडाच्या नावेतून पाण्यात सोडलेल्या मासेमारीच्या दोरीपुढे त्यांना अशाच सुरकुत्या दिसल्या होत्या. तुमची चारी आणि त्यांची नाव यांत फरक एवढाच की तिथं दोरी चालत होती, इथं पाणी चालतं.

बारीक वर आणि मोठी खाली का?

वेग तर दोन्हींचा सारखा, मग जागा वेगळी का? कारण शिखर एका वेगानं चालतं आणि लाटेची ऊर्जा दुसऱ्या वेगानं. ऊर्जेच्या वेगाला समूहवेग म्हणतात. लांब गुरुत्वलहरीत ऊर्जा शिखराच्या साधारण निम्म्या वेगानं जाते. अगदी आखूड केशिक लहरीत ती शिखराच्या दीडपट वेगानं जाते.

३० सेंमी वेगाच्या प्रवाहात याचा अर्थ सरळ आहे. मोठ्या लाटेचं शिखर कसंबसं जागेवर टिकतं, पण तिची ऊर्जा त्याहून मंद असल्यामुळे प्रवाहाबरोबर खाली वाहून जाते. म्हणून मोठी लाट काडीच्या खालच्या अंगालाच दिसते. बारीक सुरकुतीची ऊर्जा प्रवाहापेक्षा वेगवान असते, ती प्रवाह कापून वर जाते. म्हणून सुरकुत्या वरच्या अंगाला. १.७१ सेंमीच्या लाटेत समूहवेग आणि शिखराचा वेग अगदी सारखे होतात. तिथं ऊर्जा ना वर जाते ना खाली.

सुरकुत्या वर फार लांब जात नाहीत. पाण्याच्या चिकटपणामुळे अर्ध्या सेंमीच्या सुरकुत्या चार-पाच सेंमीत मावळतात, आणि दोन मिलिमीटरच्या सुरकुत्या सेंटिमीटरभरातच.

नुसत्या पट्टीनं मोजणी

किमान वेग अंदाजानं सापडणं सोपं आहे. तो कोणत्या तरंगलांबीला येतो हे थेट शोधणं मात्र अवघड, कारण वक्राचा तळ फार सपाट आहे. १.२ सेंमीपासून २.४ सेंमीपर्यंत लांबी दुप्पट झाली तरी वेग २३.० ते २३.८ यांच्यातच राहतो. वेगवेगळ्या लाटांचे वेग मोजून तळ कुठं आहे हे आलेखावर शोधायला गेलात, तर दोन-तीन टक्क्यांची चूकही उत्तर अर्धा सेंमी इकडेतिकडे करते. बहुतेक विद्यार्थी इथंच अडकतात.

त्यापेक्षा दोन लाटा एकाच प्रवाहात मोजा. वरच्या सूत्रात c च्या जागी प्रवाहाचा वेग U घाला आणि दोन्ही बाजूंना λ नं गुणा. λ मधलं वर्गसमीकरण मिळतं. त्याची दोन मुळं म्हणजेच तुमची बारीक सुरकुती आणि मोठी लाट. वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज आणि गुणाकार दहावीत शिकवतात, तेच इथं उपयोगी पडतं:

```
λ₁ × λ₂ = λm²
U² = g(λ₁ + λ₂)/(2π)
cmin² = g·λm/π
```

पहिल्या ओळीत U नाहीच. प्रवाह कितीही असो, दोन लांब्यांचा गुणाकार तोच येतो आणि त्याचं वर्गमूळ म्हणजे तळाची तरंगलांबी λm. दुसऱ्या ओळीतून प्रवाहाचा वेग मिळतो, तिसरीतून किमान वेग. तिन्हींना लागतात फक्त दोन लांब्या आणि g.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. समजा चारी सिमेंटची आहे, रुंदी ६० सेंमी, पाणी २५ सेंमी खोल. तारेच्या वरच्या अंगाला दुसऱ्या शिखरापासून सातव्या शिखरापर्यंतचं अंतर २.८ सेंमी भरलं. त्यात पाच तरंगलांब्या, म्हणून λ₁ = ०.५६ सेंमी. खालच्या अंगाला तीन तरंगलांब्या मिळून १५.६ सेंमी, म्हणून λ₂ = ५.२ सेंमी.

गुणाकार २.९१, वर्गमूळ १.७१ सेंमी. बेरीज ५.७६ सेंमी, म्हणून U = √(९७८ × ५.७६ ÷ ६.२८) = २९.९ सेंमी. किमान वेग = √(९७८ × १.७१ ÷ ३.१४) = २३.१ सेंमी. पडताळा हवा असेल तर कडब्याचा छोटा तुकडा त्याच धारेत सोडा. तीन मीटर अंतर त्यानं १० सेकंदांत कापलं तर प्रवाह ३० सेंमी, म्हणजे हिशेब जुळला.

ही रीत चुका फार सोसते. किमान वेग दोन लांब्यांच्या गुणाकाराच्या चौथ्या मुळावर अवलंबून आहे. दोन्ही लांब्यांत प्रत्येकी ५ टक्के चूक झाली तरी वेगात दोन टक्क्यांच्या आत चूक येते. तापमानाचंही तसंच. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं तर पृष्ठताण जेमतेम दोन टक्क्यांनी घटतो, वेगात अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. डिसेंबरची सकाळ असो की मे महिना, थर्मामीटर न्यायची गरज नाही.

जागा आणि साहित्य

२६ ते ३५ सेंमी वेगाची धार निवडा. २६ ला लाटा ३.५ सेंमी आणि ८ मिमी असतात, ३५ ला ७.५ सेंमी आणि ४ मिमी. दोन्ही पट्टीवर नीट मोजता येतात. ५० सेंमी वेगाला मोठी लाट १६ सेंमीची होते आणि सुरकुती दोन मिमीच्याही आत जाते, ती फोटोत मोजणं कठीण. उलट २५ च्या आसपास दुसरी अडचण: प्रवाह जरासा कमीजास्त झाला तरी लाटांची लांबी झपाट्यानं बदलते आणि त्या दिसतात-पुसतात, दिसतात-पुसतात. हा त्या सपाट तळाचाच परिणाम आहे.

गेटपासून किंवा वळणापासून आठ-दहा मीटर खाली, सरळ भागात उभे राहा. पृष्ठभागावर भोवरे आणि फुगवटे दिसत असतील तर ती जागा सोडा. वारा नको. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पश्चिमेचा वारा सतत असतो, तेव्हा पृष्ठभागाचा पातळ थर वाऱ्याबरोबर सरकतो आणि खालच्या पाण्याचा वेग वेगळा राहतो. हिवाळ्यातली सकाळ सर्वांत चांगली.

सुरकुत्यांसाठी काडी नको, एक-दीड मिलिमीटरची सरळ ताठ तार घ्या. सायकलची स्पोक चालते, त्याहून बारीक मिळाली तर उत्तम. जाड काडीपुढे पाणी थबकतं. काडीच्या पृष्ठभागापाशी वेग शून्य असतो, मध्यापासून एक व्यास अंतरावर तो पाव भागानं कमी असतो, अडीच व्यासांवर चार टक्क्यांनी. एक सेंमी जाडीच्या काडीपुढे अडीच सेंमीपर्यंत, म्हणजे सुरकुत्यांच्या जवळजवळ सगळ्या पट्ट्यात, ही गडबड पसरते. ओळखायचं कसं? सुरकुत्यांमधलं अंतर काडीजवळ जास्त आणि वर जाताना कमी होत गेलेलं दिसतं. असं दिसलं तर तार बारीक करा. तारेलगतचं पहिलं शिखर तसंही मोजायचं नाही, कारण तिथं पाणी तारेला चिकटून चढलेलं असतं. मोजणी दुसऱ्यापासून.

मोठ्या लाटेसाठी बारीक तार पुरत नाही. तिनं उठवलेली लाट इतकी लहान असते की मागच्या घुसळणीत हरवते. त्यासाठी ३० सेंमीची स्टीलची पट्टी प्रवाहाला आडवी धरा, खालची कड पाण्यात जेमतेम दोन मिमी बुडेल अशी. जास्त बुडवलीत तर मागं फेस आणि भोवरे होतात आणि शिखरं ओळखू येत नाहीत. तार आणि पट्टी एकाच धारेत, एकापाठोपाठ वापरा. दोन ठिकाणचे वेग वेगळे असले तर गुणाकाराला काही अर्थ राहत नाही.

आडव्या पट्टीच्या वरच्या अंगालाही सुरकुत्या येतात, मग तार वेगळी कशाला, असं वाटेल. पण त्या मोजू नका. पाण्यावर तेलकट, साबणी किंवा कुजक्या पालापाचोळ्याचा अदृश्य पापुद्रा जवळपास नेहमीच असतो. पट्टी त्याला अडवते, तो पट्टीपुढे साचतो आणि तिथला पृष्ठताण खाली येतो. तारेला हा पापुद्रा वळसा घालून निघून जातो.

मोजणी नेहमी तारेच्या अगदी सरळ वर आणि पट्टीच्या मध्यावरून सरळ खाली करायची. तारेच्या बाजूंना लाटा तिरक्या होतात. तिरकी लाट प्रवाहाचा पूर्ण वेग झेलत नाही, त्याचा एक भागच झेलते, म्हणून तिची लांबी वेगळी असते आणि १.७१ च्या जवळ सरकलेली असते. फोटो बरोबर वरून काढा, आणि मोजपट्टी पाण्याच्या पातळीलाच धरा. अर्धा मीटर उंचीवरून काढलेल्या फोटोत मोजपट्टी पाण्यापेक्षा पाच सेंमी वर असेल तर १० टक्के चूक तिथंच होते. आकाशाचं प्रतिबिंब पडेल असा कोन मिळाला तर शिखरं ठळक दिसतात. एका फोटोवर विसंबू नका. स्लो-मोशन व्हिडिओतल्या दहा-बारा चौकटी घ्या आणि सरासरी काढा, कारण चारीचा प्रवाह कधीच पूर्ण स्थिर नसतो.

आकडा १.७ न येता कमी आला तर

बहुतेक वेळा दोष मोजणीचा नसून पाण्याचा असतो. नदीच्या घाटावर जिथं कपडे धुतात, तिथून खाली डिटर्जंटचा पापुद्रा लांबवर जातो. समजा गुणाकाराचं वर्गमूळ १.४ सेंमी आलं. मग

```
σ = ρg(λm/2π)²
```

यावरून पृष्ठताण ०.०४८ न्यूटन प्रति मीटर निघतो, म्हणजे स्वच्छ पाण्याच्या दोन तृतीयांश. किमान वेगही २०.९ सेंमीवर उतरतो. म्हणजे २३ हा पाण्याचा कायमचा आकडा नव्हे, तो स्वच्छ पृष्ठभागाचा आकडा आहे. साबणानं पृष्ठताण ०.०३० पर्यंत उतरला तर किमान वेग साडेअठरा सेंमी आणि तरंगलांबी १.१ सेंमी होते.

याचा उलटा उपयोग मला जास्त आवडतो: पट्टीनं दोन लांब्या मोजून पाण्याचा पृष्ठताण काढणं. मात्र σ थेट λ₁ × λ₂ च्या प्रमाणात असल्यामुळे इथं चुका सोसल्या जात नाहीत. प्रत्येक लांबीत ५ टक्के चूक असेल तर σ मध्ये ७ टक्क्यांची येते.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पापुद्रा नुसता पृष्ठताण कमी करत नाही, तो सुरकुत्या मारतोही. पृष्ठभाग ताणला-आकसला जाताना तो विरोध करतो आणि लाटेची ऊर्जा कितीतरी लवकर खातो. प्रवाह ३० च्या पुढे आहे, मोठ्या लाटा व्यवस्थित दिसतात, पण तारेपुढे सुरकुत्या एक-दोनच किंवा मुळीच नाहीत, असं असेल तर पाणी मळलेलं समजा आणि जागा बदला. नुसतं गढूळ पाणी असेल तर चिंता नको. गाळानं घनतेत पडणारा फरक या हिशेबात दिसतही नाही.

कॅनॉलला पाणी नसेल तेव्हा

गोठ्यापुढचा दोन-तीन मीटर लांबीचा हौद पुरे. आता पाणी थांबलेलं, तार चालवायची. हौदाच्या कडेवर खडूनं दर २५ सेंमीला खूण करा. तार एका लाकडी पट्टीला बांधा, म्हणजे पट्टी कडेवरून सरकवता येईल आणि तार दोन-तीन सेंमी पाण्यात राहील. मोबाईलवर मेट्रोनोमचं अ‍ॅप लावा आणि प्रत्येक ठोक्याला एक खूण गाठा. मिनिटाला ४८ ठोके म्हणजे सेकंदाला २० सेंमी. ६० ठोके म्हणजे २५ सेंमी. २३.०५ चा उंबरठा ५५ ठोक्यांच्या जरा वर पडतो.

४८ ला पाणी तारेभोवती गपचूप वळसा घेतं, तारेपुढे काही उमटत नाही. ६० ला सुरकुत्या स्पष्ट उभ्या राहतात. अगदी ५६ ला त्या दिसतील ही अपेक्षा मात्र धरू नका. उंबरठ्यालगत समूहवेग आणि तारेचा वेग जवळजवळ सारखे असतात, त्यामुळे ऊर्जा तारेपासून पुढं सरकायला खूप वेळ घेते आणि दोन मीटरच्या धावेत आकृती पुरी होत नाही. हौदात उंबरठा २४-२५ ला दिसला तर ते बरोबरच आहे. सुरुवातीच्या धक्क्यानं उठलेल्या लाटा मोजू नका, त्यासाठी पहिल्या दोन खुणा सोडा. दोन धावांमध्ये मिनिट-दोन मिनिटं थांबा, नाहीतर भिंतीवरून परतलेल्या लाटा पुढच्या धावेत मिसळतात. गुरं नुकतीच पाणी पिऊन गेली असतील तर हौद आधी वाहता करून पृष्ठभाग सांडू द्या, लाळेचा पापुद्रा निघून जातो.

कॉलेजच्या तरंगपेटीतला सापळा

मुलगा बी.एस्सी.ला आहे, म्हणून हे त्याच्यासाठी. काचेच्या तळाच्या तरंगपेटीत सहसा पाच-एक मिमीच पाणी असतं. तेवढ्या उथळ पाण्यात वेग सुमारे √(gh), म्हणजे २२ सेंमी येतो. विद्यार्थी म्हणतो, २३ च्या जवळ आलं, किमान वेग सापडला. प्रत्यक्षात तो खोलीचा आकडा आहे आणि २३ शी त्याची जवळीक निव्वळ योगायोग. खोली पुरेशी नसेल तर वरच्या सूत्राच्या उजव्या बाजूला tanh(2πh/λ) नं गुणावं लागतं. पाच मिमी पाण्यात ५ सेंमीच्या लाटेचा वेग २२.० येतो आणि १.७ सेंमीच्या लाटेचा २२.५. म्हणजे वक्र जवळजवळ सपाटच. तेच खोल पाण्यात ५ सेंमीची लाट २९.५ सेंमी वेगानं जाते. खोली ४.७ मिमीच्याही खाली गेली तर मधला तळ पूर्ण नाहीसा होतो आणि लाट जितकी लांब तितकी हळू, असं एकेरी चित्र उरतं. दोन मिमी पाण्यात १४ सेंमी वेगाच्या लाटाही निघतात. सुरुवातीला 'पुरेसं खोल' ही अट घातली ती यासाठी.

सापळा ओळखायला सोपा आहे. पेटीत आणखी पाणी ओता. आकडा बदलला तर तुम्ही खोली मोजत होतात. नियम असा ठेवा की मोजायच्या सर्वांत लांब लाटेच्या निम्म्याइतकी तरी खोली हवी. ५ सेंमीच्या लाटेसाठी अडीच सेंमी, १० सेंमीच्या लाटेसाठी ५ सेंमी. चारीत २५ सेंमी पाणी असतं, तिथं हा प्रश्न येत नाही.

तलावात दगड टाकल्यावर वेगळाच आकडा येतो

पुढची शंका हीच येईल, म्हणून आधीच सांगतो. बेळगावच्या किल्ला तलावात खडा टाकला की वर्तुळं पसरतात आणि त्यांच्या आत एक शांत चकती वाढत जाते. तिची कड मोजली तर सेकंदाला २३ नव्हे, साधारण १७.७ सेंमी वेगानं सरकते. दहा सेकंदांनी तिची त्रिज्या पावणेदोन मीटर. मग २३ चा नियम मोडला का? नाही. चकतीची कड ऊर्जेच्या वेगानं चालते, आणि समूहवेगालाही स्वतःचा वेगळा तळ आहे. तो ४.३ सेंमीच्या लाटेला येतो आणि १७.७ सेंमी असतो. त्याच लाटेची शिखरं मात्र २८ सेंमी वेगानं पळतात. नीट पाहिलंत तर ती चकतीच्या कडेला जन्मतात, पट्टा ओलांडून पुढं जातात आणि बाहेर विरतात. चारीत लाट उभी असते, तिथं शिखराचा वेग प्रवाहाशी जुळावा लागतो, म्हणून उंबरठा २३ ला. खड्याच्या वर्तुळात ऊर्जा कुठवर पोचली याला महत्त्व, म्हणून १७.७.